पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो? हृदयाला जपणाऱ्या घरच्या जेवणाचा हिशेब

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड तुपावर पडते. वरण-भातावरचं चमचाभर तूप बंद होतं, महागडी तेलाची बाटली घरात येते, आणि चहाबरोबरची खारी, चार वाजताचं फरसाण, रविवारच्या पुऱ्या मात्र आपापल्या जागी राहतात. तीन महिन्यांनी आकडे तसेच आले की मग "आमच्या घराण्यातच आहे" म्हणून विषय संपतो. घराण्याचा वाटा असतोच, पण आपण काय आणि किती खातो हे अशा वेळी मोजलेलंच नसतं. म्हणून सुरुवात मोजण्यापासून करू. त्यासाठी डाएट चार्ट लागत नाही. महिन्याच्या वाण्याच्या यादीत जवळपास सगळी माहिती असते.

पहिली पायरी: महिन्याचा हिशेब मांडा

एक घर उदाहरणाला घेऊ. नवरा सत्तेचाळीसचा, बायको त्रेचाळीसची, मुलगी दहावी-अकरावीतली आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. या घरात शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा डबा महिनाभर पुरतो. साय साठवून, विरजून, लोणी काढून घरीच कढवलेलं तूप महिन्याला एक किलो संपतं. शिवाय कोपऱ्यावरच्या बेकरीतून दर आठवड्याला अर्धा किलो खारी आणि महिन्याला एक किलो फरसाण येतं.

एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पिशवीवरही बहुतेक वेळा तसं छापलेलं असतं. म्हणजे पाच लिटर म्हणजे ४,५५० ग्रॅम. चार माणसं आणि तीस दिवस, म्हणून १२० ने भागलं की माणशी रोजचे ३८ ग्रॅम तेल निघतं. एक किलो तुपाला तसंच भागलं की ८ ग्रॅम. झाले ४६.

आता बाहेरचं. खारीत वजनाच्या सुमारे तीस टक्के चरबी असते, त्यामुळे महिन्याच्या दोन किलो खारीतून ६०० ग्रॅम चरबी घरात आली. फरसाणात पस्तीस टक्के धरली तर आणखी ३५०. हे ९५० ग्रॅम वाटून माणशी आणखी ८ ग्रॅम होतात. एकूण ५४.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात तेल-तूप मिळून साधारण २७ ग्रॅम धरलं आहे. आपल्या या घरात बरोबर दुप्पट जातंय, आणि या घरातल्या कुणालाही आपण तेलकट खातो असं वाटत नाही. रोज भाजी-पोळी, वरण-भातच तर असतो.

तुमचा हिशेब असाच करा. डबा उघडलेली तारीख स्केच पेनने डब्यावर लिहा, संपेल तेव्हा दिवस मोजा. जेवणाच्या डब्यात, आंबोळीत किंवा पाहुण्यांत थोडं इकडे-तिकडे होईल, त्याची चिंता नको. तीस आणि पन्नास यांतला फरक कळला तरी पुरे.

दुसरी पायरी: तेल जातं कुठे ते शोधा

फोडणीची पळी घ्या, पाण्याने भरा आणि ते पाणी चमच्याने मोजा. पाच मिलीचा चमचा औषधाच्या बाटलीबरोबर मिळतो, तोच वापरा. बऱ्याच घरांतल्या पळीत असे आठ-नऊ चमचे पाणी बसतं, म्हणजे जवळजवळ ४० ग्रॅम तेल. चार माणसांच्या एका सुक्या भाजीत एवढं गेलं की माणशी दहा ग्रॅम तिथेच संपले. अजून आमटी, रात्रीची भाजी आणि सकाळचे पोहे व्हायचेच आहेत.

आपल्या उदाहरणातल्या घरी नाश्ता, दोन भाज्या आणि आमटी मिळून रोज सुमारे १०० ग्रॅम तेल जात होतं. पोळीच्या कणकेत आणि पोळीवर १५ ग्रॅम. राहिलेलं सारं, महिन्याला अकराशे ग्रॅमच्या आसपास, दर रविवारच्या तळणात. तळण डोळ्यांत भरतं म्हणून सगळा दोष त्याच्यावर जातो, पण दोन-तृतीयांश तेल रोजच्या फोडणीत संपत होतं. म्हणून बदल तिथूनच सुरू करायचा.

मी सुचवेन ते प्रमाण असं: चार माणसांच्या सुक्या भाजीला चार चमचे, आमटीला दोन, रात्रीच्या भाजीला चार आणि नाश्त्याला चार. एकूण चौदा चमचे, म्हणजे ६३ ग्रॅम. पोळ्यांना दहा ग्रॅम. महिन्यातून एकदा तळण केलं आणि त्यात दोनशे ग्रॅम गेले, तर महिन्याचा हिशेब साधारण २,४०० ग्रॅमवर येतो. पाच लिटरऐवजी पावणेतीन लिटर पुरतं. एकदम या आकड्यावर उडी मारू नका. पहिल्या महिन्यात चार लिटर, दुसऱ्यात सव्वातीन, तिसऱ्यात पावणेतीन असं उतरा, म्हणजे जिभेला सवय होते आणि घरात वादही होत नाहीत.

चार चमच्यांत भाजी होते का? होते, पण पद्धत थोडी बदलावी लागते. मोठ्या पसरट कढईत चार चमचे तेल बुडाला नुसतं पसरतं, मोहरी तडतडायच्या आत करपते आणि मग हात आपोआप पळीकडे जातो. त्याऐवजी फोडणी लहान लोखंडी कढल्यात करा. कढलं किंचित तिरकं धरलं की तेल एका बाजूला गोळा होतं, दोन चमच्यांतही मोहरी-हिंग-हळद नीट तडकते. भाजी कढईत घालून वर खोलगट झाकण ठेवा आणि झाकणात पाणी ओता. आतली वाफ झाकणाला लागून परत भाजीवर पडते, त्यामुळे भाजी तळाला न लागता शिजते. आपल्या आज्या गवार, घेवडा, दोडका असाच करायच्या.

वांगं आणि भेंडी यांची गोष्ट वेगळी आहे. वांगं कच्चं असताना तेल टिपून घेतं. भरली वांगी करताना आधी त्यांना कुकरमध्ये शिटी न देता पाच-सात मिनिटं वाफवा, मग मसाला भरा. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी केली आणि शेवटी आमसूल घातलं की तेल न वाढवताही चिकटपणा जातो. रश्श्याच्या तवंगासाठी वरून तेल ओतायची गरज नसते. दाण्याच्या कुटात जवळजवळ चाळीस टक्के आणि सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर त्यांची स्वतःचीच चरबी असते. वाटण मंद आचेवर दहा मिनिटं उकळू दिलं की तवंग आपोआप वर येतो. अर्थात कूट आणि खोबरंही त्याच कारणाने मुठीने न घालता चमच्याने घाला.

तिसरी पायरी: बेकरीच्या पुड्याकडे नीट बघा

माझ्या मते हृदयाच्या दृष्टीने एका घरातून सगळ्यात आधी काही हलवायचं असेल तर ती बेकरीतून सुटी येणारी खारी, टोस्ट, नानखटाई आणि क्रीम रोल. का, ते नीट समजून घेऊ.

द्रव तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन सोडला की ते घट्ट होतं. असं करून वनस्पती तूप तयार होतं, ज्याला आपल्याकडे सर्रास डालडा म्हणतात. ही प्रक्रिया अर्धवट झाली की त्यात ट्रान्स फॅट तयार होतं. संतृप्त चरबी, म्हणजे तुपासारखी गारव्यात घट्ट होणारी चरबी, रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. ट्रान्स फॅट ते वाढवतंच, शिवाय चांगलं समजलं जाणारं एचडीएल कमीही करतं. त्यामुळे याची सुरक्षित अशी मात्रा कोणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वरची मर्यादा एकूण कॅलरीच्या एक टक्का ठेवली आहे, म्हणजे २,००० कॅलरीच्या जेवणात दिवसाला जास्तीत जास्त सव्वादोन ग्रॅम.

भारतात या बाबतीत खरोखर चांगलं काम झालं आहे. एके काळी वनस्पती तुपात दहा टक्क्यांपर्यंत ट्रान्स फॅट चालत होतं. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने ते टप्प्याटप्प्याने खाली आणत जानेवारी २०२१ पासून तीन आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणलं. ही दोन टक्क्यांची मर्यादा तेला-तुपाबरोबरच त्यांपासून केलेल्या पदार्थांतल्या चरबीलाही लागू आहे. नियम पाळणाऱ्या कारखान्याच्या १०० ग्रॅम खारीत तीस ग्रॅम चरबी असेल, तर त्यात जास्तीत जास्त ०.६ ग्रॅम ट्रान्स फॅट असू शकतं. पूर्वीच्या मर्यादेने हेच तीन ग्रॅम झालं असतं.

पण यात दोन अडचणी उरतात. पहिली, सुट्या मालावर लेबल नसतं, त्यामुळे त्यात कोणती चरबी आहे हे आपल्याला कळायला मार्ग नाही. बेकरीवाल्याला विचारलं तर तो "तूप घालतो" असं सहज म्हणतो. साजूक की वनस्पती, हे पुढे विचारायलाच हवं. आणि डबा कोणत्या कंपनीचा, त्यावर काय लिहिलंय, हेही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला डबा दाखवायला बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत. तोंडातही एक खूण मिळते. खारी खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा पातळ थर बसून राहिला आणि गरम चहा घेतल्यावरच तो गेला, तर आतली चरबी तोंडाच्या उष्णतेला नीट वितळत नाहीये. त्यावरून चरबी कठीण आहे एवढं समजतं. ट्रान्स फॅट किती, ते जिभेला कळत नाही.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. ट्रान्स फॅट काढल्यावर खारीला पापुद्रे सुटायला घट्ट चरबी तर लागतेच. मग पामतेलाचा घट्ट भाग किंवा इंटरएस्टरिफाइड, म्हणजे प्रक्रियेने रचना बदलून घेतलेली चरबी येते. त्यात ट्रान्स फॅट जवळपास नसतं, पण संतृप्त चरबी भरपूर असते. पाकिटावर मोठ्या अक्षरात "ट्रान्स फॅट फ्री" छापायला १०० ग्रॅम पदार्थात ट्रान्स फॅट ०.२ ग्रॅमच्या आत असलं की चालतं. संतृप्त चरबी किती आहे हे मात्र मागे छोट्या अक्षरात शोधावं लागतं.

पाकीट उलटं करून कसं वाचायचं ते एकदा करून बघू. समजा टोस्टच्या पाकिटावर १०० ग्रॅमला एकूण चरबी २०, संतृप्त १० आणि ट्रान्स ०.१ लिहिलंय. तुम्ही सकाळ-संध्याकाळ मिळून पाच टोस्ट खाता. स्वयंपाकघराच्या काट्यावर ते ५० ग्रॅम भरले. म्हणजे संतृप्त चरबी ५ ग्रॅम पोटात गेली. दिवसाची मर्यादा २,००० कॅलरीला २२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाव वाटा जेवणाच्या आधीच संपला. नंतर घटक पदार्थांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि खाद्य वनस्पती चरबी असेल तर समोरचा "मल्टीग्रेन" हा शब्द विसरून जा. "हायड्रोजनेटेड" शब्द दिसला तर ते पाकीट परत फडताळात ठेवा. आणि आकडे "प्रति सर्व्हिंग" दिले असतील तर ते सर्व्हिंग किती ग्रॅमचं आहे हे आधी बघा, कारण पंधरा ग्रॅम बिस्किटांवर कुणी थांबत नाही.

आपल्या उदाहरणातल्या घरात खारी बंद झाली आणि तिच्या जागी भाजलेले फुटाणे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या आणि मूठभर शेंगदाणे आले. आजींना चहाबरोबर काहीतरी मऊ बुडवून खायची सवय होती. त्यांच्यासाठी कालची भाकरी कडक भाजून चहाबरोबर दिली तर चालली. प्रत्येक घराला आपली अशी एक तडजोड शोधावी लागते.

चौथी पायरी: तूप चमच्यात, दूध भांड्यात

साजूक तुपाबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एकीकडे तूप म्हणजे विष, दुसरीकडे हवं तेवढं खा. तुपात साधारण साठ-पासष्ट टक्के संतृप्त चरबी असते. पाच ग्रॅमच्या सपाट चमच्यात तीन ग्रॅम. बावीस ग्रॅमच्या मर्यादेत हा चमचा आरामात बसतो. त्यामुळे ज्याचं एलडीएल ठीक आहे आणि तेल वर सांगितल्याइतकं आहे, त्याने वरण-भातावर एक चमचा घ्यावा. तीन चमचे, वर पोळीला, वर शिऱ्यात, असं झालं की हिशेब मोडतो. तुपात थोडं ट्रान्स फॅट नैसर्गिकरीत्या असतं, ते दुभत्या जनावरांच्या पोटात तयार होतं. चमचाभर तुपातून येणारं ते इतकं थोडं असतं की त्याची काळजी करायला नको.

घरी कढवलेल्या तुपाची अडचण अशी की ते विकत आणलेलं नसतं, म्हणून मोजलं जात नाही. साय साठली, लोणी झालं, तूप कढलं, आणि बरणी भरली की ती संपवायची असते. यावर साधा उपाय म्हणजे महिन्याला घरासाठी सहाशे ग्रॅमची एक बरणी वेगळी भरायची. चार माणसांना रोज एक चमचा याच हिशेबाने ते आहे. उरलेलं सणाला किंवा लेकीच्या घरी.

दुधाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. म्हशीच्या लिटरभर दुधात साठ ग्रॅम किंवा अधिक चरबी असते आणि तिचा बराचसा भाग संतृप्त असतो. दोन कप दुधाळ चहा, वाटीभर दही आणि रात्री पेलाभर दूध एवढ्यात एका माणसाच्या पोटात चार-पाच चमचे तुपाइतकी चरबी जाते. तूप सोडून म्हशीचं साईसकट दूध पिणाऱ्या माणसाने नेमकी उलटी निवड केलेली असते. साय काढून दूध वापरा, किंवा गाईचं अथवा टोन्ड दूध घ्या, आणि ताक जास्त प्या.

आणि आजींचं तूप? त्या सत्तरीच्या पुढच्या, वजन कमी होत चाललेलं, भूक मंदावलेली. अशा माणसाचं तूप कमी करण्यात हशील नाही. त्यांचा चमचा तसाच राहू द्यावा. दोन वर्षांखालच्या बाळांच्या जेवणातलं तूपही या लेखावरून कमी करू नका.

पाचवी पायरी: कोणतं तेल

या प्रश्नावर सगळ्यात जास्त चर्चा होते, आणि उत्तर तुलनेने सोपं आहे. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, तीळ, मोहरी, सोयाबीन, राइस ब्रान यांतलं कोणतंही चालेल. पामतेलात संतृप्त चरबी चाळीस टक्क्यांच्या वर आणि खोबरेल तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून ती रोजच्या फोडणीला नकोत. कोकणातल्या घराने माशाच्या कालवणात ओलं खोबरं वापरावं, पण त्या दिवशी वरून तेलाची फोडणी टाळावी.

घाण्याचं की रिफाइंड? घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, त्यामुळे ते कमी लागतं, हा त्याचा खरा फायदा. चरबीचा प्रकार दोन्हींत तोच असतो. घाण्याच्या शेंगदाणा तेलाबाबत एक सावधगिरी मात्र हवी. बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते घाण्याच्या तेलात उतरू शकतं. म्हणून दाणे समोर निवडलेले, कोरडे दिसत असतील अशाच घाण्यावर जा, आणि महिनाभर पुरेल एवढंच तेल आणा. तेलाला खवट वास आला की ते फोडणीलाही वापरू नका.

करडई मराठवाडा-सोलापूरकडचं आपलं जुनं तेल. संतृप्त चरबी त्यात खूपच कमी. पण त्यातली बहुअसंतृप्त चरबी जास्त तापवली की लवकर बिघडते, म्हणून फोडणीला करडई आणि तळणाला शेंगदाणा किंवा राइस ब्रान अशी विभागणी करा. यांपैकी शेंगदाणा, करडई आणि सूर्यफूल या तीन तेलांत ओमेगा-३ जवळपास नसतं. ते जवसाच्या चटणीतून मिळतं. वाटीभर जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ घालून भरड कुटायचं. अख्खं जवस न पचता तसंच बाहेर पडतं, त्यामुळे कुटणं गरजेचं आहे. आठ-दहा दिवसांपुरतीच करा, कारण जवस पटकन खवट होतं. माणशी रोज एक मोठा चमचा. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी, कालवण करून किंवा तव्यावर चमचाभर तेलात.

सहावी पायरी: तळणाची कढई

महिन्यातून एकदा घरी गरमागरम भजी खाण्याने हृदयाचं काही बिघडत नाही, पण त्या कढईतलं तेल पुढे आठवडाभर पुन्हा पुन्हा तापतं तेव्हा बिघडतं. तेल वारंवार तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडल्यावर तयार होणारे पदार्थ, वाढत जातात. भारतात खाद्यव्यावसायिकांना त्यांची मर्यादा पंचवीस टक्के घालून दिली आहे आणि ती २०१८ पासून लागू आहे. घरी हे मोजायचं यंत्र नसतं, तेव्हा डोळे आणि नाक वापरायचं. तेल काळपट आणि दाट झालं, पदार्थ सोडल्यावर आलेला फेस खाली बसेना, पदार्थ टाकण्याआधीच धूर येऊ लागला, कढईच्या कडेला चिकट पिवळा थर जमला, यांतलं एक जरी दिसलं तरी ते तेल संपलं असं समजा.

तळताना लहान, खोल कढई घ्या, म्हणजे पावशेर तेलातही पुऱ्या बुडतात. पिठाची छोटी गोळी टाकून बघा. ती तळाशी जाऊन लगेच बुडबुड्यांसह वर आली की तापमान बरोबर आहे. गोळी तळाशीच बसून राहिली तर तेल थंड आहे, आणि थंड तेलात पुरी जास्त तेल पिते. एका वेळी जास्त पुऱ्या सोडल्या तरी तेल थंड होतं. उरलेलं तेल निवल्यावर गाळून घ्या, तळाचा कोळसा काढून टाका आणि दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. ते परत तळणाला नको, आणि ताज्या डब्यात तर मुळीच ओतू नका.

हातगाडीवरचा वडा खायचा झाला तर आधी कढईत डोकावून बघा. सकाळपासून त्याच तेलात वरून भर पडत असते. वर सांगितलेल्या खुणा दिसल्या तर पुढच्या गाडीकडे चला.

दिवाळीच्या फराळात सगळ्यात सोपी बचत चिवड्यात होते. तळलेल्या जाड पोह्यांऐवजी अर्धा किलो पातळ पोहे कढईत मंद आचेवर कुरकुरीत भाजून घ्या, आणि पाच मोठे चमचे तेलाची फोडणी करा. दाणे आणि डाळं त्याच फोडणीत परतून निघतात. शंकरपाळी-करंजीच्या मोहनाला आणि साट्याला डालडा लावायची पद्धत मात्र सोडूनच द्या. तिथे साजूक तूप घाला आणि थोड्याच करा.

मैदा आणि उपवासाचा साबुदाणा

तेल कमी केलं आणि त्या जागी पाव, बिस्किटं, साबुदाणा, साखर वाढली तर रिपोर्टमध्ये फारसा फायदा दिसत नाही. आपल्या लोकांमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, जास्त आणि एचडीएल कमी हा नमुना खूप दिसतो, आणि कोंडा काढलेली पिठं त्याला खतपाणी घालतात. शंभर ग्रॅम कणकेत अकरा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, मैद्यात जेमतेम तीन. ज्वारी-बाजरीची पिठंही दहा-अकरा ग्रॅम तंतू देतात, शिवाय भाकरीला तेल लागत नाही. दिवसातलं एक जेवण भाकरीवर आणा. कणीक चाळून कोंडा टाकू नका.

एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा आणि तूप असतं. उपवास मोडायची गरज नाही. वरीचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर हेही उपवासालाच चालतं.

तीन महिन्यांनी काय बघायचं

आपल्या घराचा हिशेब पुन्हा मांडू. पावणेतीन लिटरचं माणशी २० ग्रॅम तेल, ५ ग्रॅम तूप, खारी बंद, आणि महिन्याला पाव किलो फरसाण म्हणून जेमतेम एक ग्रॅम. एकूण २६. सुरुवातीला ५४ होते.

लिपिड प्रोफाइल आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा करा, त्याआधी करून उपयोग नाही. जमलं तर त्याच प्रयोगशाळेत, आणि ट्रायग्लिसराइड आधी जास्त आले असतील तर बारा तास उपाशीपोटी. ट्रायग्लिसराइड मैदा-साखर कमी केल्यावर लवकर उतरतात. एलडीएल हळूहळू आणि मर्यादितच उतरतं. तुमचं एलडीएल १९० च्या वर असेल, किंवा जवळच्या नात्यात कुणाला पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर ते आनुवंशिक असू शकतं. तसं असेल तर नुसत्या जेवणाने ते आटोक्यात येत नाही, औषध लागतं. कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन हे औषध चालू असेल तर नवीन रिपोर्ट चांगला आला म्हणून स्वतःहून बंद करू नका. तो रिपोर्ट औषध आणि जेवण दोन्हींमुळे आलेला असतो. डॉक्टरांकडे जाताना डब्यावर लिहिलेल्या तारखा आणि महिन्याचा आकडा सोबत न्या. "तेल कमी खातो" या उत्तरापेक्षा "माणशी ३८ वरून २० ग्रॅमवर आलो" यावरून डोस ठरवणं त्यांना सोपं जातं.